उत्तर बरोबर, कारण चूक: आयनीभवन ऊर्जेची प्रश्नोत्तरे

नायट्रोजनची पहिली आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त, हे मी बरोबर लिहिलं. कारण दिलं, "ऑक्सिजनला हाफ-फिल्ड व्हायचं असतं, म्हणून तो इलेक्ट्रॉन सहज देतो." सरांनी गुण कापले. का?
*– अकरावीची विद्यार्थिनी, म्हापसा*

सरांनी योग्य तेच केलं. ऑक्सिजन काही 'देत' नाही. त्याच्या एक मोल अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला 1314 किलोज्यूल खर्चावे लागतात. नायट्रोजनला 1402 लागतात, एवढाच फरक. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर काय उरतं, यावर तू सगळा भार टाकलास. पण तो इलेक्ट्रॉन निघण्यापूर्वी कुठे होता, हे लिहिलंच नाहीस.

दोन्ही संरूपणं चौकोन काढून मांड. नायट्रोजनच्या 2p³ मध्ये तिन्ही इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये एकेकटे आहेत. ऑक्सिजनच्या 2p⁴ मध्ये चौथ्याला आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलमध्ये जोडी करून बसावं लागतं. एकाच ऑर्बिटलमधल्या त्या दोघांचं प्रतिकर्षण जास्त असतं. ऑक्सिजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन जास्त आहे खरा, पण त्याच्या वाढीव ओढीपेक्षा इथे हे प्रतिकर्षण वरचढ ठरतं. म्हणून जोडीतला एक इलेक्ट्रॉन काढणं सोपं जातं. पेपरात हेच लिही.

हे कारण खरं की पाठांतर, हे तपासता येतं. दुसरी आयनीभवन ऊर्जा घे. आता इलेक्ट्रॉन निघतो तो आयनातून: N⁺ म्हणजे 2p², O⁺ म्हणजे 2p³, F⁺ म्हणजे 2p⁴. आकडे अनुक्रमे 2856, 3388 आणि 3374. घसरण ऑक्सिजन सोडून फ्लोरिनवर सरकली, कारण आता 2p⁴ फ्लोरिनकडे आहे. ऑक्सिजनचा स्वभावच इलेक्ट्रॉन देण्याचा असता, तर ती जागची हलली नसती.

मग पहिल्या ऊर्जेत फ्लोरिन का घसरत नाही, त्यातही जोड्या आहेतच ना, असं परीक्षक तोंडी परीक्षेत विचारू शकतात. जोडीचा फटका बसायला 2p⁴ पासून सुरुवात होते. ऑक्सिजनकडून फ्लोरिनकडे जाताना जोडीतूनच इलेक्ट्रॉन काढायचा आहे, प्रोटॉन मात्र एकाने वाढला. म्हणून आकडा पुन्हा चढतो, 1681 वर.

सोडियम आणि मॅग्नेशियम यांत कोणाची दुसरी आयनीभवन ऊर्जा जास्त? आवर्तात उजवीकडे ती वाढते, म्हणून मी मॅग्नेशियम लिहिलं.
*– विद्यार्थी, पेडणे*

सोडियम, आणि तेही तिपटीहून जास्त: 4562 विरुद्ध 1451. Na⁺ चं संरूपण 2p⁶ ला संपतं, Mg⁺ चं 3s¹ ला. पहिल्यात आतलं कवच फोडावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या ऊर्जेचा प्रश्न आला की आधी आयनाचं संरूपण लिहायचं, आवर्ताचा कल नंतर आठवायचा.

मुलाने Fe³⁺ चं संरूपण [Ar] 3d³ 4s² लिहिलं. इलेक्ट्रॉन मोजले तर 23 भरतात. मग चूक कुठे?
*– पालक, डिचोली*

बेरीज बरोबर आहे, पण इलेक्ट्रॉन चुकीच्या जागेवरून काढलेत. लोह [Ar] 3d⁶ 4s² आहे. आयन होताना आधी 4s चे दोन जातात, मग 3d मधला एक. म्हणून Fe³⁺ = [Ar] 3d⁵. भरताना 4s आधी आला, म्हणून काढताना तो शेवटी, असा मुलं उलटा हिशेब करतात. पण अणुक्रमांक वाढवत अणू रचणं आणि तयार अणूतून इलेक्ट्रॉन काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तयार अणूत 4s चे इलेक्ट्रॉन सर्वांत बाहेर असतात.

पुरावा चुंबकीय मापनात मिळतो. 3d³ 4s² मध्ये एकटे इलेक्ट्रॉन 3, म्हणजे चुंबकीय आघूर्ण सुमारे 3.9 बोर मॅग्नेटॉन यायला हवं. 3d⁵ मध्ये ते 5, म्हणजे सुमारे 5.9. फेरिक अलमसारख्या क्षारांत मोजलं की 5.9 च्या आसपास येतं. मुलाला ही तपासणी Fe²⁺ वर करायला सांगू नका. तिथे चुकीच्या 3d⁴ 4s² मध्येही चार एकटे आणि बरोबर 3d⁶ मध्येही चारच, त्यामुळे काहीच उलगडत नाही. तुमच्या तालुक्यातल्या खाणींच्या हेमेटाइटमध्ये लोह Fe³⁺ रूपातच असतं, तेव्हा उदाहरण घरचंच आहे.

क्रोमियम 3d⁵ 4s¹, तांबं 3d¹⁰ 4s¹. हा 'अर्धं किंवा पूर्ण भरलेलं म्हणजे स्थिर' नियम खालच्या ओळींतही लावायचा का?
*– शिक्षिका, मडगाव*

नियम म्हणून नको. क्रोमियमच्या खालचं मॉलिब्डेनम 4d⁵ 5s¹ आहे, पण त्याच्या खालचं टंगस्टन 5d⁴ 6s². निओबियम तर 4d⁴ 5s¹ आहे, ना अर्धं ना पूर्ण. s आणि d च्या ऊर्जा इथे इतक्या जवळ असतात, की इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण आणि विनिमय ऊर्जा यांच्या बेरीज-वजाबाकीवर निकाल फिरतो. वर्गात क्रोमियम-तांब्याला हे कारण जरूर द्या, पण त्यावरून 'मग टंगस्टन सांगा' असा प्रश्न काढू नका. नियम नीट लावणाऱ्या मुलाचंच उत्तर चुकेल.