बांगड्या घातल्या म्हणून मुलगा मुलगी होत नाही

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की माझ्याकडे पालकांचे तेच प्रश्न येतात. त्यातले काही एकदाच उरकून घेते.

प्रश्न : बाहुलीशी खेळल्याने मुलगा बायकी होतो का?

नाही.

प्रश्न : जेंडर-न्यूट्रल पेरेंटिंग म्हणजे मुलाला तो मुलगा आहे हे सांगायचंच नाही ना?

कोणी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपने? सांगायचं, अगदी स्पष्ट सांगायचं. बंद करायची ती ‘तू मुलगा आहेस म्हणून...’ अशी सुरू होणारी वाक्यं. ताट मुलगाही उचलतो, सायकलची पडलेली चेन मुलगीही बसवते, रडू दोघांनाही येतं. आणि तोच ठोकळ्यांचा संच निळ्या डब्यात एक, गुलाबी डब्यात एक, ही निव्वळ दुकानदारी. भावंडांना एक पुरतो, दुकानदाराला दोन खपवायचे असतात.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाने जत्रेत बांगड्यांसाठी हट्ट केला, घेऊन दिल्या. आता म्हणतो, ‘मी मोठा झालो की आई होणार.’ सासरे म्हणतात, तुम्हीच त्याला गोंधळात टाकलंत.

सासऱ्यांना सांगा, हा गोंधळ बांगड्यांनी आणलेला नाही, तो वयाचा आहे. साधारण तिसऱ्या वर्षी मूल ‘मी मुलगा’ किंवा ‘मी मुलगी’ असं म्हणू लागतं. पण हे कायमचं आहे हे त्याला पुढच्या एक-दोन वर्षांत उमगतं आणि कपडे-केस बदलले तरी ते बदलत नाही, हे बहुतेकांना सहा-सात वर्षांपर्यंत पक्कं कळतं. घरीच विचारून बघा, ‘आईने बाबांचा शर्ट घातला तर आई बाबा होईल का?’ चार वर्षांची कितीतरी मुलं बिनधास्त ‘हो’ म्हणतात, मग त्यांच्या घरात बांगड्या असोत की नुसत्या बंदुका.

सँड्रा बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या मुलाचा किस्सा लिहून ठेवला आहे. तो केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. दुसरा एक मुलगा दिवसभर ‘तू मुलगीच, क्लिपा मुलीच लावतात’ म्हणून मागे लागला. याने सांगितलं, मला शिश्न आहे, म्हणून मी मुलगा. पटेना, तेव्हा चड्डी खाली करून दाखवली. त्यावर उत्तर आलं, ‘ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा फक्त मुली लावतात!’ आता सांगा, गोंधळलेला कोण? ज्याला कपड्यांवरूनच ओळखायला शिकवलं, तो. शरीर काय आहे हे ज्याला घरात सरळ शब्दांत सांगितलं होतं, तो ठाम होता.

तुम्हीही तेच करा. अवयवांची नावं न लाजता सांगा. ‘तुझं शरीर मुलाचं आहे, बांगड्या घातल्या-काढल्या तरी ते तसंच राहतं. मोठा झालास की तू बाबा होऊ शकशील आणि बाळाला भरवशील, न्हाऊ घालशील.’ एवढं पुरे. मुलं आईचं बघून आई व्हायला निघतात, कारण बाळाचं सगळं तीच करताना दिसते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पाहुण्यांसमोर ‘आमची नवरी बघा’ म्हणून जी थट्टा चालते ना, ती आजच थांबवा. बांगड्या हिसकावून फोडल्या तर मूल बांगड्या सोडत नाही, लपवायला शिकतं आणि पुढे मनातलं बोलणंही लपवतं. मूल गप्प झालं, शाळेला जायच्या वेळी पोट दुखू लागलं, तर भेटायला या.

प्रश्न : घरी तेलुगू बोलतो. मुलगा मराठीत ‘मी जाते’ म्हणतो. हे बायकी होण्याचंच लक्षण का?

नाही हो. तेलुगूत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांना क्रियापद एकच, कन्नडमध्येही तसंच. शिवाय मराठी तो कोणाकडून ऐकतो, शिकवणाऱ्या बाईंकडूनच ना? हसू नका, ‘हो, तू जातोस’ असं बरोबर रूप त्याच्या कानावर घाला. शाळेत रुळल्यावरही तसंच राहिलं तर विचारा.

प्रश्न : अडीच वर्षांचा मुलगा एकही शब्द बोलत नाही. सगळे म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. मुलग्यांचा उशीर सरासरीने थोडासा असतो, एवढा नाही. दोन वर्षांचं मूल, मुलगा असो वा मुलगी, दोन शब्द जोडतं. मुलगी असती तर तुम्ही इतके थांबला असतात का?

प्रश्न : एक जण म्हणाले, मुलाची ‘ही सवय’ सोडवणारे उपचार मिळतात. जाऊ का?

जाऊ नका. कोणाची लिंगओळख किंवा लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मूल महिनोन्महिने ठामपणे ‘मी मुलगीच आहे’ म्हणत असेल, स्वतःच्या शरीराचा त्याला त्रास होत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पण ‘डॉक्टर तुला सुधारणार आहेत’ असं सांगून आणू नका.