दहावीचे मार्क माझे, नापास केलं कॉलेजनं

"मॅडम, दहावीला ८८ टक्के पडले तेव्हा पोरगा म्हणाला, माझ्या अभ्यासामुळं. आता फर्स्ट पीयूत फिजिक्सच्या सहामाहीत नापास झालाय, तर म्हणतोय सर नीट शिकवत नाहीत, सगळं इंग्रजीत आहे, पेपरच अवघड होता. स्वतःची चूक मानायलाच तयार नाही. हा खोटारडेपणाच नव्हे का?" – खानापूर तालुक्यातली एक आई

नाही, तो खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच तसं दिसतंय. स्वतःबद्दलचं चांगलं मत जपायची मनाची धडपड यामागं असतेच, पण तेवढंच कारण नसतं. डेल मिलर आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये दुसरी बाजू मांडली. माणूस यशाची अपेक्षा धरूनच कष्ट करतो. यश मिळालं की कष्ट आणि फळ जुळतं, मग पुढं कोणी कारण शोधत बसत नाही. अपयश मात्र अनपेक्षित असतं, म्हणून 'यंदा वेगळं काय झालं?' हा प्रश्न पडतो. या मुलाच्या बाबतीत वेगळं काय झालं होतं? मराठी माध्यम सुटून इंग्रजी आलं, गावची शाळा सुटून बेळगावचं कॉलेज आलं, शिक्षक बदलले, रोजचा बसप्रवास वाढला. बदललं ते सगळं बाहेरचं. तो स्वतः तसाच होता, अभ्यासाची पद्धतही तीच होती. ती तीच राहिली हेच दुखणं आहे, हे त्याला दिसणं अवघड होतं.

यातली माध्यमाची अडचण अगदी खरी आहे. सीमाभागात मराठीतून दहावी करून सायन्सला गेलेल्या मुलांना ती भोगावीच लागते. 'इंग्रजीचं निमित्त सांगू नको' असं म्हटलं, की मूल बोलायचं थांबतं.

म्हणून या मुलाबरोबरच्या पहिल्या बैठकीत नापास झालेल्या पेपराला हातच लावला नाही. दहावीच्या ८८ टक्क्यांमागं काय काय होतं, ते लिहायला सांगितलं. अभ्यास आधी आला. मग गणिताच्या सरांचे जादा तास, वारंवार सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, आपल्या भाषेतला पेपर हेही आलं. यशाचं श्रेय काढून घ्यायचं नव्हतं. यशाला आणि अपयशाला एकच माप लावायची सवय व्हावी, इतकाच हेतू होता. यशात बाहेरचा वाटा मान्य केला, की अपयशात आपला वाटा मान्य करणं सोपं जातं.

दुसऱ्या वेळी पेपर समोर घेतला. ७० पैकी १९ मार्क, म्हणजे ५१ गेलेले. प्रत्येक गेलेल्या मार्कापुढं कारण लिहायचं होतं. प्रश्नातलं इंग्रजी कळलं नाही म्हणून ९, गणितं अर्धवट राहिली किंवा एककं चुकली म्हणून १२, वेळ संपला म्हणून ९. उरलेल्या २१ पुढं त्यानं 'शिकवलंच नाही' असं लिहिलं. तेव्हा वही उघडायला लावली. त्यातल्या १३ मार्कांचा भाग वहीत त्याच्याच अक्षरात होता, फक्त वाचलेला नव्हता. ८ मार्कांचं मात्र खरंच शिकवलेलं नव्हतं. म्हणजे १७ मार्क बाहेरच्या कारणांनी गेले आणि ३४ त्याच्या हातातले होते. ही बेरीज त्यानं स्वतः केली, त्यामुळं भांडायला समोर कोणी उरलं नाही.

इथं एक खड्डा आहे. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांच्या मांडणीत कारण आतलं की बाहेरचं एवढंच बघत नाहीत. ते टिकून राहणारं आहे का आणि आपल्या हातात आहे का, हेही बघतात. 'मी ढच आहे' हे कारण आतलं आहे, पण टिकाऊ आणि हाताबाहेरचं. ते सरांना दोष देण्याहून वाईट, कारण त्यापुढं करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून 'तूच आळशी' हे वाक्य घरात नको. त्याऐवजी नेमकं काम ठरवलं: 'डिराइव्ह', 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय' अशा प्रश्नात येणाऱ्या शब्दांची मराठी अर्थासह यादी, गणिताच्या प्रत्येक ओळीत एकक आणि वहीतला भाग त्याच आठवड्यात वाचणं. इंग्रजीची अडचण बाहेरची असली तरी तिच्यावर काम करता येतं, हे त्याला त्या यादीमुळं पटलं.

पुढच्या चाचणीत ७० पैकी ३३ आले. इंग्रजीमुळं अजूनही ७ गेले. त्याला वेळ लागणारच.

घरी हे करायचं असेल तर निकालाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, अजिबात नको. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पेपर हातात असेल तेव्हाच बसा. वडिलांनाही बसवा. 'आमच्या घराण्यातच हुशारी आहे, कॉलेजनं वाट लावली' असं ते म्हणत असतील, तर मुलगा तेच शिकतोय.

उलटं चित्र दिसलं तर मात्र ही पद्धत वापरू नका. यश आलं की 'नशीब', अपयश आलं की 'सगळं माझ्यामुळंच' असं मूल सतत म्हणत असेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. नैराश्यात स्वतःला झुकतं माप देण्याची ही सवय कमी झालेली आढळते. अशा मुलाला मार्कांचा हिशेब करायला लावला तर तो स्वतःविरुद्ध पुरावाच गोळा करेल. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या.