‘एम्बॅरस्ड’ म्हणजे दरवेळी लाज नव्हे

भाषांतर नव्याने करू लागलेल्यांनी ‘एम्बॅरस्ड’साठी सरसकट ‘लाज वाटली’ लिहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण लाजेत नैतिक कमीपणाचा सूर सहज मिसळतो. आधी प्रसंग पाहावा. पाहुण्यांसमोर हातातला कप निसटून चहा सांडला, तर माणूस ओशाळतो. ठामपणे सांगितलेली गोष्ट चारचौघांत खोटी ठरली, तर तो खजील होतो. आणि कुणी तोंडावर भरभरून स्तुती केली, तर त्याला संकोच वाटतो. ‘ऑकवर्ड’मध्ये मात्र स्वतःची चूक असावीच लागत नाही: यजमान नवराबायकोचे भांडण समोरच जुंपले, तर पाहुण्याला अवघडल्यासारखे होते, तो अगदी कानकोंडा होतो.

‘होमसिक’साठी एकच शब्द शोधत बसू नये, कारण ‘गृहविरही’सारखा घडवलेला शब्द संवादात कुणाच्याच तोंडी शोभत नाही. वसतिगृहात नुकतीच राहायला गेलेली मुलगी आईला फोनवर ‘मला इथे करमत नाही गं’ असेच म्हणेल. नुसते ‘करमत नाही’ कंटाळ्यालाही चालते, त्यामुळे आसपास घराचा उल्लेख नसेल, तर ‘घरची फार आठवण येते’ हे वाक्य जोडावे.