टॉवर उतरवण्याच्या तरतुदीत दर वर्षी होणारी वाढ कशाची असते?

प्रश्न: आमच्या कंपनीने देवगड तालुक्यात दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर जागा घेऊन मोबाईल टॉवर उभारला आहे. करार संपल्यावर टॉवर काढून जागा पूर्ववत करून द्यायची आहे. ऑडिटर म्हणतात की तरतूद आताच करा आणि दर वर्षी ती वाढवत न्या. खर्च तर दहा वर्षांनी होणार, मग ही वाढ कशाची?

उत्तर: ही वाढ व्याजाची आहे. टॉवर उतरवण्याचे काम महागले म्हणून ती होत नाही, तर देणे फेडण्याचा दिवस एका वर्षाने जवळ आला म्हणून होते. कोकणातल्या अशा काही साइटचे हिशेब मी स्वतः केले आहेत. तुमच्या टॉवरचे प्रत्यक्ष आकडे मला माहीत नाहीत, म्हणून सोपे आकडे धरून सांगतो.

समजा, टॉवर उतरवणे, जांभ्यात ओतलेला काँक्रीटचा पाया फोडून काढणे आणि खड्डा मातीने भरून देणे या सगळ्याला आजच्या दराने 3,00,000 रुपये लागतात. मजुरी आणि क्रेनचे भाडे वर्षाला 5 टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर दहा वर्षांनी हाच खर्च 4,88,668 रुपये होतो. करपूर्व वटाव दर 8 टक्के धरून त्याचे आजचे मूल्य काढले की 2,26,348 रुपये येतात. टॉवर उभा राहिला त्या दिवशी ही रक्कम एकीकडे तरतूद म्हणून देण्यांत दाखवायची आणि दुसरीकडे टॉवरच्या किमतीत मिळवायची. इंड एएस 16 आणि इंड एएस 37 यांना हेच अपेक्षित आहे. करारावर सही झाली म्हणून तरतूद करायची नसते, कारण उतरवण्यासारखे काही उभे राहीपर्यंत ते देणे जन्माला आलेले नसते. आपल्याकडे करार जूनमध्ये होतो आणि पायाचे काम पाऊस सरल्यावर सुरू होते, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

पहिल्या वर्षी 2,26,348 वर 8 टक्के, म्हणजे 18,108 रुपये तरतुदीत वाढतात आणि नफा-तोटा पत्रकात वित्तीय खर्च म्हणून जातात. दुसऱ्या वर्षी वाढलेल्या 2,44,456 वर 19,556 रुपये येतात, आणि दहाव्या वर्षी हाच आकडा 36,198 पर्यंत जाऊन तरतूद नेमकी 4,88,668 वर पोहोचते. ऑफिसात ज्याला अनवाइंडिंग म्हणतात ते हेच. टॉवरच्या किमतीत मिळवलेल्या 2,26,348 रुपयांचा घसारा, दर वर्षी सुमारे 22,635 रुपये, वेगळा चालतो. 4,88,668 ला दहाने भागून दर वर्षी सारखी रक्कम टाकणे सोपे वाटते, पण त्यात व्याज आणि घसारा एकमेकांत मिसळतात आणि पहिल्या दिवसाचे देणे ताळेबंदात दिसतच नाही.

मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक मात्र दराची आहे. एका फाइलमध्ये आजच्या भावातला खर्च न वाढवता थेट महागाई गृहीत असलेल्या दराने खाली आणला होता. आपल्या उदाहरणात तसे केले तर तरतूद 1,38,958 रुपयांवरच येते आणि दहाव्या वर्षी ती जेमतेम 3,00,000 होते. उरलेला पावणेदोन लाखांहून अधिक भार शेवटच्या वर्षांच्या माथी बसतो. तुमच्या तक्त्यातील शेवटच्या वर्षाचा आकडा आजच्या कोटेशनइतकाच येत असेल, तर ही चूक झाली आहे असे खुशाल समजा. खर्चात महागाई धरली असेल तर दरातही धरावी, आणि खर्चात नसेल तर दरातूनही काढावी.

खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात दुसरी गोष्ट हमखास घडते, ती म्हणजे अंदाजच बदलतो. समजा, पाचव्या वर्षाअखेर कंत्राटदार सांगतो की बोल्ट गंजून जखडले आहेत, ते गॅसने कापावे लागतील आणि शेवटचा खर्च 5,80,000 होईल. तेव्हा तरतूद 3,32,579 वर आलेली असते आणि नव्या अंदाजाचे त्या दिवशीचे मूल्य 3,94,738 येते. मधला 62,159 रुपयांचा फरक व्याज नव्हे, म्हणून तो वित्तीय खर्चात न टाकता टॉवरच्या किमतीत मिळवावा आणि त्याचा घसारा उरलेल्या पाच वर्षांत काढावा. सहाव्या वर्षाचे व्याज मग 3,94,738 वर, म्हणजे 31,579 रुपये येईल. वटाव दर बदलला तरी होणारा फरक असाच टॉवरच्या किमतीत जातो.

भंगाराचे पैसे मात्र या तरतुदीतून वजा करू नका. उतरवलेल्या लोखंडाला चांगला भाव येतो हे खरे, पण तो टॉवरचे अवशिष्ट मूल्य ठरवताना धरायचा असतो. आणि करारातले पूर्ववत करण्याचे कलम जागामालकासमोर बसून एकदा नीट वाचा. त्यांना तिथे पुन्हा हापूसची कलमे लावायची असतील, तर पाया जमिनीलगत कापून चालणार नाही, तो मुळापासून काढावा लागेल, आणि 3,00,000 चा पहिला अंदाज तिथेच बदलेल.