झोपेची गोळी आणि सकाळचं जडपण
प्रश्न: आईला रात्री अल्प्राझोलाम ०.५ चालू आहे. सात-आठ तास सलग झोपते, तरी सकाळी म्हणते, "झोप लागली, पण झोपल्यासारखं वाटत नाही." असं का?

आईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ही गोळी मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते. त्यामुळे डोळा लवकर लागतो आणि मधली जागही कमी येते. आली तरी सकाळी ती आठवत नाही. पण झोपेची घडण बदलते.

एरवी रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. तेव्हा मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. गोळीने नेमक्या याच लहरी दबतात आणि त्या वेळात मधल्या टप्प्याची, उथळ झोप भरते. पहाटे स्वप्नांची झोप वाढायची, तीही उशिरा सुरू होते आणि थोडी घटते. म्हणजे तास तेवढेच, आतला ऐवज वेगळा. शिवाय औषधाचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो, वयस्कर माणसांत जास्तच. रात्री उठताना तोल जातो का, तेही बघा.

मात्र गोळी अचानक बंद करू नका, ही कळकळीची विनंती. दबलेली स्वप्नं तेव्हा उसळून येतात, भयंकर वाटावीत इतकी ठसठशीत. झोपही आधीपेक्षा बिघडते, मग "गोळीशिवाय जमतच नाही" असं वाटून माणूस परत तिच्याकडे वळतो. क्वचित झटकेही येतात. डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचा.