इसार, ॲडव्हान्स आणि 'जप्त': सगळे पैसे बुडतात का?

"विसार बरोबर की इसार? आणि इसार म्हणजेच ॲडव्हान्स ना? आमच्या इसारपावतीत लिहिलंय 'खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास दिलेला सर्व इसार जप्त होईल'. जमीन ३० लाखांची, पावतीच्या दिवशी ३ लाख दिले, दोन महिन्यांनी अजून ६ लाख दिले, आता लोन नामंजूर झालं म्हणून खरेदी जमत नाहीये. मालक म्हणतो ९ लाख जप्त. 'जप्त' चा अर्थ खरंच सगळे गेले असाच होतो का?"

विसार आणि इसार दोन्ही चालतात, कागदावर 'इसारपावती' हे रूप जास्त दिसतं, बयाणा म्हणणारेही आहेत, त्यात चूक कोणीच नाही. पण इसार म्हणजेच ॲडव्हान्स हे मात्र नाही, आणि तुमचा सगळा प्रश्न त्या फरकावरच उभा आहे.

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून सुरुवातीला दिलेली रक्कम. व्यवहार पूर्ण झाला तर ती किमतीत वळती होते, देणाऱ्याने मोडला तर ती बुडते. म्हणजे ती एकाच वेळी किमतीचा तुकडा पण असते आणि शब्द पाळण्याची हमी पण. ॲडव्हान्स म्हणजे नुसती किंमत थोडी आधी दिली, त्यात हमीबिमी काही नाही, त्यामुळे व्यवहार मोडला की ती मुळात परत द्यायची रक्कम, मालकाचं काही नुकसान झालं असेल तर तेवढं कापून. बोलताना आपण दोन्हीला 'इसार दिला' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. संस्कृतात इसाराला सत्यंकार म्हणतात, म्हणजे शब्द खरा करणारी वस्तू, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकार म्हणून घेतलेलं द्रव्य दुप्पट परत करायला लावावं असं म्हटलंय. त्यावर मिताक्षरेत अंगठीचं उदाहरण आहे, सौदा ठरला म्हणून एकाने अंगठी दिली आणि त्यानेच मोडला तर त्याची अंगठी गेली, घेणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट द्यायचं. आजच्या इसारपावतीत 'मालकाने टाळाटाळ केल्यास दुप्पट इसार परत' असं जे कलम असतं त्याचा नियम अगदी हाच आहे.

आता 'जप्त'. जप्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सरकार किंवा कोर्ट येतं, बेलिफ, पंचनामा वगैरे. इथे तसलं काही नसतं. पैसे आधीच मालकाच्या खिशात आहेत आणि तो म्हणतो मी परत देत नाही, बस्स, त्याला कोणाचा हुकूम लागत नाही. म्हणून व्यवहारात ओझं खरेदीदारावर येतं, कोर्टात जायचं कोणी तर त्याने. पण पावतीत जप्त लिहिलंय म्हणजे कायद्याने ते सगळं मालकाचं झालं असं मात्र होत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडला तर किती द्यायचे हे करारात लिहिलेलं असलं, किंवा दंडासारखी काही अट असली, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. वरची मर्यादा, हे लक्षात घ्या, तेवढे मिळणारच अशी खात्री नाही.

यावर मालकाच्या बाजूने एक हुशार युक्तिवाद व्हायचा की हे कलम 'द्यायच्या' रकमेबद्दल आहे, आधीच 'दिलेल्या' रकमेबद्दल नाही. सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात तो फेटाळला, आणि तो खटला तुमच्या प्रकरणाशी इतका जुळतो की जरा नीट सांगतो.

दिल्लीतली जागा आणि तिच्यावरचं बांधकाम, किंमत १,१२,५०० रुपये, करार मार्च १९४९ चा. सही करताना १,००० रुपये इसार दिला, मग ताबा देताना किमतीपैकी २४,००० दिले, बाकीचे जूनपर्यंत नोंदणीच्या वेळी द्यायचे होते. करारात अट अशी की खरेदीदाराने मुदतीत खरेदीखत करून घेतलं नाही तर हे मिळून २५,००० जप्त. व्यवहार फिसकटला, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, आणि शेवटी खरेदीदाराने मोडला असं ठरलं. हायकोर्टाने म्हटलं की किमतीच्या १० टक्के, म्हणजे ११,२५० रुपये, ही वाजवी भरपाई धरू. सुप्रीम कोर्टाने विचारलं की हे १० टक्के आणले कुठून? जागेची किंमत उतरली असा पुरावा नाही, दुसरं काही खास नुकसान झालं असाही पुरावा नाही, मग नुसता अंदाज करून भरपाई कशी देणार. इसाराचे १,००० मालकाने ठेवावेत हे खरेदीदाराने स्वतःच मान्य केलं होतं, तेवढे राहिले. २४,००० बद्दल कोर्ट म्हणालं की इतकी वर्षं ते पैसे मालकाकडे होते, त्याचा फायदा त्याला मिळालाच असणार, तो फायदा आणि हे १,००० एवढी भरपाई पुरे. जागेचा ताबा खरेदीदाराने अडवून ठेवला होता त्याचा हिशोब वेगळा, पण करार मोडल्याबद्दल २५,००० गिळायला परवानगी नाही.

बघा, करारात दोन्ही रकमा एकाच 'जप्त' च्या वाक्यात बांधल्या होत्या, कोर्टाने ती गाठ सोडून दोन रकमा वेगळ्या पाहिल्या. तुमच्या पावतीतलं 'दिलेला सर्व इसार' हे त्याच जातीचं वाक्य आहे.

पण याचा अर्थ खरा इसारसुद्धा परत मिळतो असा लावू नका, नेटवर लोक तसं ठोकून देतात. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल, २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. किंमत ७० लाख, इसार ७ लाख, कलम दोन्हीकडून सारखं, खरेदीदाराने मोडला तर इसार गेला, मालकाने मोडला तर दुप्पट द्यायचा. हायकोर्टाने मालकाला फक्त ५०,००० ठेवू दिले होते, सुप्रीम कोर्टाने सगळे ७ लाख ठेवायला परवानगी दिली, कारण ती रक्कम करारातच हमी म्हणून दिलेली होती आणि अट स्पष्ट होती. म्हणजे सौद्याच्या वेळी दिलेला, वाजवी आकाराचा, जप्तीची अट आधीच ठरलेला इसार बुडाला तर कोर्ट सहसा वाचवायला येत नाही.

वाजवी म्हणजे किती हे कायद्यात कुठे छापलेलं नाही. १० टक्के लोकांच्या तोंडी बसलेत, पण ती काही रेघ नाही. रक्कम किमतीच्या मानाने जितकी मोठी तितकी ती हमी कमी आणि दंड जास्त वाटायला लागते आणि कोर्ट कात्री काढतं, पण तेही नक्की सांगता येत नाही. के. आर. सुरेश विरुद्ध आर. पूर्णिमा या २०२५ च्या निकालात ५५.५० लाखांच्या व्यवहारात दिलेले २० लाख बुडाले, आणि गंमत म्हणजे करारात त्यांना ॲडव्हान्सच म्हटलं होतं. कोर्टाने नाव बाजूला ठेवून अट वाचली, इथेही खरेदीदाराने मोडलं तर जप्त आणि मालकाने मोडलं तर दुप्पट, दोघांना सारखंच बांधलेलं, म्हणून हा इसारच असं ठरवलं. तेव्हा शब्दप्रेमी म्हणून वाईट वाटलं तरी सांगतो, पावतीत कुठला शब्द आहे यापेक्षा पैसे केव्हा दिले, कशासाठी दिले आणि अट एकतर्फी आहे का हे कोर्ट जास्त बघतं.

दुसरी कात्री लागते ती मालकाचं नुकसानच झालेलं नसेल तेव्हा, आणि मोडणारा खरेदीदार नसेल तेव्हा तर मुळीच जप्ती नाही. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५. लिलावात ३.१२ कोटींची बोली, २५ टक्के म्हणजे ७८ लाख इसार भरलेला, पुढे प्राधिकरणाने तो जप्त केला आणि तोच प्लॉट नंतर ११.७८ कोटींना विकला. कोर्टाने पाहिलं की एक तर खरेदीदाराने करार मोडलेलाच नाही, आणि वर प्राधिकरणाला फायदाच झालाय, मग भरपाई कसली, ७८ लाख व्याजासकट परत. शिवाय असंही स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तिथे ते सिद्ध करावंच लागतं, फार अवघड असेल तिथेच करारात लिहिलेला आकडा, तो प्रामाणिक अंदाज असेल तर, भरपाई म्हणून धरतात.

आता तुमचे ९ लाख. लोन नामंजूर झालं हे कारण, पावतीत 'लोन मंजूर झाल्यास' अशी अट नसेल तर, तुमच्या बाजूने मोजलं जात नाही, मोडणारे तुम्हीच ठरता. पहिले ३ लाख पावतीच्या दिवशीचे, किमतीच्या १० टक्के, ते बुडालेच असं धरून चला. नंतरचे ६ लाख सौदा पक्का झाल्यावर दिलेत, ते किमतीचा हप्ता आहेत हे तुमचं मुख्य म्हणणं. मालकाने समजा जमीन दुसऱ्याला ३० किंवा ३१ लाखांना विकली तर त्याचं नुकसान काहीच नाही, ६ लाख परत मागायला तुमची बाजू चांगली आहे. त्याला २५ लाखच मिळाले तर ५ लाखांचा खड्डा पडला, त्यातले ३ इसारातून भरले, अजून साधारण २ तो कापू शकेल, ४ परत. आणि २० लाखांनाच गेली तर खड्डा १० चा, म्हणजे ९ च्या ९ जातील. मात्र भाव उतरला हे मालकाने दाखवायचं, नुसतं 'माझं फार नुकसान झालं हो' चालत नाही, नंतरच्या खरेदीखताचा आकडा हा सगळ्यात सरळ पुरावा, त्याची नक्कल निबंधक कार्यालयातून काढता येते. उलट तुमच्या पावतीत दुप्पटीचं कलम असेल आणि ६ लाखांची पोचपावती 'इसारापोटी' अशी असेल तर मालकाचा वकील तो २०२५ चा निकाल पुढे करणार, त्यामुळे ती दुसरी पोचपावती आधी शोधा आणि तिच्यावर काय शब्द आहेत ते वाचा. इथे मात्र शब्दाला किंमत आहे.

अजून एक, यात लोक फार ठेचकाळतात. खरेदीखत करून द्या म्हणून दावा लावायचा असेल तर त्याच दाव्यात 'ते नाही तर पैसे परत द्या' ही मागणी स्वतंत्र लिहावी लागते, विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम २२, न मागता कोर्ट देत नाही. मागणी राहून गेली तर दावा दुरुस्त करून नंतरही घालता येते, पण करायला तर हवी, त्या सुरेश यांच्या खटल्यात तीच नव्हती.

आणि पुढच्या वेळी पावती लिहाल तेव्हा 'इसार रु. ३,००,०००, फक्त हीच रक्कम जप्तीस पात्र' आणि नंतरच्या प्रत्येक रकमेपुढे 'खरेदीच्या किमतीपैकी' असं लिहून घ्या, सगळ्याला सरसकट इसार म्हणू नका.