पाऊल लोंबतंय, नस कुठे दबली?

पाऊल वर उचलत नाही, चप्पल गळून पडते. कमरेतून पायात उतरणारी सायटिक नर्व्ह गेली की गुडघ्याजवळची नस?

बहुधा गुडघ्याजवळची. सायटिकची कॉमन पेरोनिअल ही फांदी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या डोक्याखाली, कातडीला अगदी लागून वळसा घेते. तासन्‌तास पायावर पाय टाकून किंवा उकिडवं बसलं की तिथेच दबते. पाऊल वर येत नाही, बाहेर वळत नाही. आत मात्र वळतं आणि चवड्यावर उभं राहता येतं, कारण ते काम सायटिकच्या दुसऱ्या फांदीचं, टिबिअल नर्व्हचं.

आत वळवणंही गेलं, तर संशय कमरेतल्या मणक्यातून निघणाऱ्या एल-५ या नसेच्या मुळाचा. मग कुशीवर झोपून पाय उचलणंही जड जातं, कारण ते काम करणाऱ्या नितंबाच्या स्नायूंच्या सुपीरिअर ग्लुटिअल नर्व्हला तिथूनच तंतू मिळतात.

चवड्यावर उभं राहणं आणि गुडघा दुमडणं दोन्ही कमजोर? मग सायटिकच. अर्धवट मार लागलेली सायटिक मात्र फसवते, हुबेहूब पेरोनिअलसारखी दिसते.